लॉग स्केलचा ग्राफ फसवा असतो का? सोन्याच्या भावावरून संपादकांना लिहिलेलं पत्र

सोन्याच्या भावाचा ग्राफ तुम्ही मोबाईलवर कधी ना कधी पाहिला असेलच. बहुतेक वेळा तो एकाच प्रकारचा दिसतो. डावीकडून निघालेली रेषा बराच वेळ जमिनीला चिकटून जाते आणि शेवटी एकदम रॉकेटसारखी वर उडते. एका मराठी वर्तमानपत्राने मात्र वेगळा ग्राफ छापला. १९७० ते २०२० या पन्नास वर्षांतला सोन्याचा भाव त्यांनी लॉग स्केलवर काढला होता. त्यात रॉकेट नव्हतं. रेषा सुरुवातीपासूनच चढत होती, मध्ये एका ठिकाणी जवळजवळ आडवी झाली होती आणि मग पुन्हा चढत होती.

काही दिवसांनी त्याच पेपरात एका वाचकाचं पत्र आलं. त्यांचे आक्षेप तीन होते. एक, ग्राफच्या डाव्या बाजूचे आकडे १००, १,०००, १०,०००, १,००,००० असे होते आणि त्यांच्यातलं अंतर मात्र सारखंच होतं, म्हणजे पट्टीच खोटी. दोन, अशा पट्टीमुळे अलीकडची भाववाढ दाबली गेली. तीन, सामान्य माणसाला लॉग वगैरे कळत नाही, तेव्हा पेपरात असं काही छापूच नये.

आक्षेप प्रामाणिक होते. पहिल्यांदा असा ग्राफ बघणाऱ्या कुणालाही हेच वाटेल. म्हणून मी संपादकांना उत्तर लिहिलं. ते पत्र खाली देतोय. त्यानंतर पत्रात न मावलेल्या गोष्टी आहेत: हा ग्राफ खरोखर कधी फसवतो, आणि स्वतःच्या फोनवर तो कसा काढून बघायचा.

## संपादकांना लिहिलेलं पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपण छापलेल्या सोन्याच्या आलेखावर एका वाचकांनी घेतलेला आक्षेप वाचला. आलेखाने भाववाढ लपवली असं त्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या आलेखाने एक अशी भाववाढ दाखवली, जी साध्या आलेखात दिसूच शकत नाही.

आधी आकडे समोर ठेवू. दहा ग्रॅम सोन्याचा वर्षाचा सरासरी भाव १९७० साली सुमारे १८४ रुपये होता. १९८० मध्ये तो सुमारे १,३३० झाला. १९९० मध्ये ३,२००, २००० मध्ये ४,४००, २०१० मध्ये १८,५०० आणि २०२० मध्ये सुमारे ४८,६५०.

आता यातली दोनच दशकं घेऊ. १९७० ते १९८० मध्ये भाव वाढला १,१४६ रुपयांनी. १९९० ते २००० मध्ये वाढला १,२०० रुपयांनी. रुपयांत बघितलं तर दोन्ही दशकं सारखीच. साध्या आलेखावर, म्हणजे जिथे प्रत्येक सेंटीमीटरला ठरावीक रुपये असतात तिथे, या दोन्ही दशकांतली रेषा जवळजवळ तितकीच वर चढेल.

पण ही दोन दशकं खरोखर सारखी होती का? १९७० साली ज्या घरात मुलीच्या लग्नासाठी पाच तोळ्यांचा विचार चालला होता, त्या घराला १९८० साली तेवढ्याच सोन्यासाठी सातपटीहून जास्त पैसे मोजावे लागले. १८४ चे १,३३० झाले, म्हणजे ७.२ पट. याउलट १९९० ते २००० मध्ये ३,२०० चे ४,४०० झाले, म्हणजे जेमतेम १.४ पट. पहिल्या दशकात सोनं घेणाऱ्याची झोप उडाली असेल. दुसऱ्या दशकात सोनं घेऊन ठेवणाऱ्याची निराशा झाली असेल, कारण त्या काळात बँकेच्या मुदत ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं. ३,२०० रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले असते, तर त्यांचे सुमारे ८,३०० झाले असते. सोन्याचे झाले ४,४००.

इतक्या वेगळ्या दोन दशकांना जो आलेख सारखं दाखवतो, त्याला आपण खरा म्हणायचं आणि जो त्यांच्यातला फरक दाखवतो त्याला फसवा, हे बरोबर होणार नाही.

आता पट्टीबद्दल. साध्या पट्टीवर एक पायरी वर जाणं म्हणजे ठरावीक रुपये मिळवणं. लॉग पट्टीवर एक पायरी वर जाणं म्हणजे ठरावीक आकड्याने गुणणं. आपल्या आलेखात ती पायरी दहापटीची आहे: १०० ला दहाने गुणलं की १,०००, त्याला दहाने गुणलं की १०,०००. गुणाकार सारखा, म्हणून अंतर सारखं. ही पट्टी वाकडी नाही. तिचा नियम वेगळा आहे आणि तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकच आहे. खोटी पट्टी ती, जिचा नियम मध्येच बदलतो.

अशी पट्टी आपल्याला अनोळखीही नाही. हार्मोनियम डोळ्यांसमोर आणा. मध्य सप्तकातल्या ‘सा’पासून तार सप्तकातल्या ‘सा’पर्यंत स्वराची कंपनं दुप्पट होतात. सेकंदाला २४० असतील तर ४८० होतात. पुढच्या ‘सा’ला ती ९६० होतात. पहिल्या सप्तकात वाढ २४० ची, दुसऱ्यात ४८० ची. तरी पेटीवर दोन्ही सप्तकांची रुंदी सारखीच असते आणि कानालाही दोन्ही झेपा सारख्याच वाटतात. पेटी बनवणाऱ्याने वरचं सप्तक दाबून टाकलं, अशी तक्रार कोणी करत नाही. कारण कानाला कंपनांतली वजाबाकी ऐकू येत नाही, पट ऐकू येते.

भावाचंही असंच आहे. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी वीसला गेली तर बाजारात चर्चा होते. वीस हजारांचा फोन वीस हजार दहा रुपयांना मिळाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वाढ दोन्हीकडे दहा रुपयांचीच आहे. म्हणजे सामान्य माणसाला लॉग कळत नाही हा तिसरा आक्षेप निम्माच खरा आहे. शब्द त्याच्या ओळखीचा नसेल, पण ‘भाव दुप्पट झाला’, ‘दीडपट झाला’ हे तो रोज बोलतो. लॉग आलेख त्याचीच भाषा बोलतो.

राहिला मुख्य आक्षेप, अलीकडची वाढ दाबल्याचा. २०१० ते २०२० मध्ये भाव ३०,१५० रुपयांनी वाढला, हे खरं आहे. साध्या आलेखात ही वाढ निम्म्याहून जास्त कागद व्यापते. पण सुरुवातच १८,५०० पासून होती. पट काढली तर ती येते २.६. त्याच्या आधीच्या दशकात, २००० ते २०१० मध्ये, ती ४.२ होती. म्हणजे दुसऱ्या दशकात भाव जास्त रुपयांनी वाढला, पण कमी वेगाने वाढला. ही गोष्ट लॉग आलेखात सरळ दिसते, रेषेचा चढ कमी होतो. साध्या आलेखात नेमकं उलट दिसतं.

यातून नुकसान होतं ते निर्णय घेताना. साधा आलेख बघणाऱ्याला वाटतं, सोनं तीस वर्षं झोपलं होतं, आता जागं झालंय आणि आता ते असंच सरळ वर जाणार. मग घाईने ठेवी मोडल्या जातात. लॉग आलेख बघणाऱ्याला कळतं, की सोन्याने याआधीही मोठी उसळी घेतली होती आणि तिच्यानंतर एक अख्खं दशक जवळजवळ आडवं गेलं होतं. त्याने सोनं घ्यावं की नाही हे आलेख सांगत नाही. पण निर्णय घेण्याआधी जी गोष्ट माहीत असायला हवी, ती त्याच्यापुढे ठेवतो.

एक विनंती मात्र आहे आणि ती त्या वाचकांच्या बाजूची आहे. आलेखाखाली कुठेही पट्टीचा खुलासा नव्हता. यापुढे ‘उभ्या पट्टीवर प्रत्येक पायरी आधीच्या दहापट आहे’ एवढं एक वाक्य छापावं. ते नसेल, तर बघणारा सवयीने साधी पट्टी धरून वाचणार, आणि तिथे चूक त्याची नाही.

आपला,
एक वाचक

## तेच आकडे, दोन पट्ट्या

पेपरात तक्ता मावत नाही, इथे मावतो. समजा, दोन्ही ग्राफ बारा सेंटीमीटर उंच आहेत. साध्या ग्राफची पट्टी ० ते ५०,००० रुपये आहे. लॉग ग्राफची पट्टी १०० ते १,००,००० आहे, म्हणजे दहापटीच्या तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी चार सेंटीमीटरची. प्रत्येक वर्षाचा ठिपका तळापासून किती उंचीवर पडेल ते बघा.

| वर्ष | भाव, १० ग्रॅम (रु.) | साधा ग्राफ | लॉग ग्राफ |
|---|---|---|---|
| १९७० | १८४ | ०.०४ सेंमी | १.१ सेंमी |
| १९८० | १,३३० | ०.३ सेंमी | ४.५ सेंमी |
| १९९० | ३,२०० | ०.८ सेंमी | ६.० सेंमी |
| २००० | ४,४०० | १.१ सेंमी | ६.६ सेंमी |
| २०१० | १८,५०० | ४.४ सेंमी | ९.१ सेंमी |
| २०२० | ४८,६५० | ११.७ सेंमी | १०.७ सेंमी |

साध्या ग्राफमध्ये १९७० ते २००० ही तीस वर्षं मिळून एका सेंटीमीटरच्या आसपास जागेत बसली. मोबाईलच्या स्क्रीनवर तेवढ्यात तीन वेगळी दशकं ओळखणं शक्यच नाही. लॉग ग्राफमध्ये १९७० चं दशक ३.४ सेंटीमीटर चढतं आणि १९९० चं दशक अर्ध्या सेंटीमीटरच्या थोडं वर. सातपट आणि दीडपटीहून कमी, यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

१९७० च्या दशकातल्या त्या चढामागे कारणही होतं. त्याआधी सोन्याचा अधिकृत भाव एका औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. पुढे तेलाचे भाव भडकले, जगभर महागाई वाढली आणि जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं. जगाच्या चलनव्यवस्थेतला एवढा मोठा बदल साध्या ग्राफवर तीन मिलिमीटरमध्ये संपतो.

## लॉग ग्राफ सगळंच शांत दाखवतो का?

हा पुढचा प्रश्न अगदी रास्त आहे. रेषा दाबायचीच असेल तर लॉग लावा आणि मोकळे व्हा, असं होतं का? नाही होत. त्यासाठी सोनं सोडून जरा जर्मनीला जाऊ, कारण तिथे १९२३ साली भाववाढ इतकी टोकाला गेली होती की दोन्ही ग्राफांची परीक्षाच होते.

एका अमेरिकन डॉलरला किती जर्मन मार्क मोजावे लागत, त्याचे हे आकडे. जुलै १९१४ मध्ये ४.२ मार्क. जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८ हजार. जुलैमध्ये सुमारे साडेतीन लाख. ऑगस्टमध्ये ४६ लाख. सप्टेंबरमध्ये जवळजवळ १० कोटी. ऑक्टोबरमध्ये २,५२६ कोटी. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ४.२ लाख कोटी.

हे साध्या ग्राफवर काढलं आणि शेवटचा आकडा बारा सेंटीमीटरवर ठेवला, तर ऑक्टोबरचा ठिपका तळापासून एक मिलिमीटरही वर येत नाही. म्हणजे ग्राफ सांगतो, ऑक्टोबरपर्यंत काही घडलंच नाही. प्रत्यक्षात तोवर लोकांची आयुष्यभराची बचत कवडीमोल झाली होती. नुसत्या सप्टेंबर ते ऑक्टोबर या एका महिन्यात डॉलर अडीचशे पटींनी महागला होता.

लॉग ग्राफवर यातली प्रत्येक उडी वेगळी दिसते. आणि मुख्य म्हणजे रेषा सरळ राहत नाही, वर वाकत जाते. जुलै ते ऑगस्ट तेरापट, ऑगस्ट ते सप्टेंबर एकवीसपट, त्यापुढच्या महिन्यात अडीचशेपट. पटच वाढत चालली, म्हणून रेषा वळली.

लॉग ग्राफ वाचायचा नियम यातूनच मिळतो. रेषा सरळ चढत असेल, तर भाव दरवर्षी सारख्याच टक्क्यांनी वाढतोय. वर वाकत असेल, तर टक्केवारीच वाढतेय, म्हणजे काळजीचं कारण आहे. चढ मंदावत असेल, तर भाव वाढतोय पण पूर्वीइतक्या वेगाने नाही. साध्या ग्राफमध्ये हे कळत नाही, कारण दरवर्षी सारख्याच टक्क्यांनी वाढणारी गोष्टही तिथे शेवटी रॉकेटसारखीच दिसते.

याच गुणामुळे महागाई खिशाला किती लागतेय हेही लॉग ग्राफवर तपासता येतं. समजा, एखाद्याचा पगार काही वर्षांत ५,००० वरून १५,००० झाला आणि दुधाचा लिटरचा भाव २० वरून ६० झाला. दोन्ही तिप्पट. साध्या ग्राफवर पगाराची रेषा उंच जाईल आणि दुधाची तळाशी पडून राहील, जणू पगारवाढीपुढे दूधवाढ काहीच नाही. लॉग ग्राफवर दोन्ही रेषा समांतर जातील, म्हणजे पगार दुधाच्या बरोबरीने चाललाय, पुढे नाही. आणि उद्या दुधाची रेषा पगारापेक्षा तिरपी झाली, की समजायचं, महागाई पुढे निघाली.

## मग लॉग ग्राफ फसवतो कधी?

फसवू शकतो. तीन जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली जागा म्हणजे खांबांचा ग्राफ, ज्याला आपण बार चार्ट म्हणतो. खांब बघताना डोळा त्याची लांबी मोजतो, पण लॉग पट्टीवर शून्य नसतं, त्यामुळे खांब कुठून सुरू करायचा हे काढणाराच ठरवतो. वरच्या तक्त्यात २००० चा खांब ६.६ सेंटीमीटर आणि २०२० चा १०.७ सेंटीमीटर होईल. बघणाऱ्याला वाटेल दीडपटीपेक्षा थोडं जास्त. खरी पट आहे अकरा. पट्टी १०० ऐवजी १,००० पासून सुरू केली, तर तेच खांब २.६ आणि ६.७ सेंटीमीटरचे होतील आणि आता अडीचपटीपेक्षा थोडं जास्त वाटेल. आकडे तेच, चित्र वेगळं. दोन्ही वेळा एकच गोष्ट बदलली नाही: दोन टोकांमधलं अंतर सुमारे ४.२ सेंटीमीटरच राहिलं. लॉग ग्राफमध्ये अर्थ त्या अंतराला असतो, उंचीला नसतो. म्हणून लॉग पट्टीवर रेषा किंवा ठिपके काढावेत, खांब नाहीत.

दुसरी जागा म्हणजे प्रश्नच रुपयांचा असेल तेव्हा. पुढच्या महिन्यात लग्नासाठी सोनं घ्यायचंय आणि किती पैसे जास्त लागतील हे बघायचंय, तर पट कळून उपयोग नाही, रुपये कळायला हवेत. एका वर्षातला चढउतार असेल तरीही साधा ग्राफ चालतो, कारण भाव दहा-पंधरा टक्क्यांच्या आतच हलत असेल तर दोन्ही ग्राफ जवळजवळ सारखेच दिसतात. लॉगची खरी गरज पडते ती भाव कित्येक पटींनी बदलला असेल तेव्हा.

तिसरी जागा शून्य आणि उणे आकड्यांची. १०० ला दहाने भागत गेलात, तर १०, १, ०.१ असे खाली जाल, पण शून्यावर कधीच पोहोचणार नाही. त्यामुळे शून्य किंवा त्याखालचा आकडा लॉग पट्टीवर बसत नाही. भाव उणे कसा असेल, असं वाटेल. पण २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव बंद होताना उणे ३७.६३ डॉलर होता. त्या दिवसाचा ठिपका लॉग ग्राफवर काढताच येत नाही. असा दिवस ग्राफमधून गुपचूप गायब केला असेल, तर तो ग्राफ नक्कीच फसवा.

आणि एक गोष्ट दोन्ही ग्राफांना लागू आहे. वरच्या तक्त्यात मी दहा-दहा वर्षांचे ठिपके घेतलेत. मधले चढउतार त्यात नाहीत. २०१३ ते २०१५ मध्ये सोन्याचा भाव खालीही आला होता, ते या तक्त्यात दिसत नाही. पट्टी कुठलीही असो, मधले ठिपके गाळले की कहाणी बदलते.

## फोनवर स्वतः करून बघा

शेअर किंवा सोन्याचे चार्ट दाखवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये पट्टी बदलायची सोय असते. TradingView मध्ये भावाच्या पट्टीच्या सेटिंगमध्ये `Logarithmic` असा पर्याय मिळतो. तो निवडला की तोच चार्ट लॉगमध्ये दिसतो. एखाद्या चार्टचा जास्तीत जास्त वर्षांचा भाग उघडा आणि दोन्ही पट्ट्या आलटून पालटून बघा.

स्वतःचे आकडे टाकायचे असतील, तर गूगल शीट्स वापरा. कॉम्प्युटरवर चार्ट एडिटरमध्ये `Customize`, मग `Vertical axis`, आणि तिथे `Log scale` असा मार्ग आहे. फोनवरच्या ॲपमध्ये हा पर्याय सापडला नाही तरी अडत नाही. A रकान्यात वर्ष आणि B रकान्यात भाव लिहा. पहिली ओळ शीर्षकाला सोडा, म्हणजे १९७० चा भाव B2 मध्ये येईल. मग C2 मध्ये हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=LOG10(B2)
```

१८४ साठी सुमारे २.२६ येईल, ४८,६५० साठी सुमारे ४.६९. आता B ऐवजी C रकान्याचा रेषेचा चार्ट काढा. झाला लॉग ग्राफ. इथे पट्टीवर २ म्हणजे १०० रुपये, ३ म्हणजे १,००० आणि ४ म्हणजे १०,००० रुपये.

रेषेचा चढ टक्क्यांत हवा असेल, तर D3 मध्ये हे लिहा:

```
=(B3/B2)^(1/10)-1
```

हे दहा वर्षांतली पट घेऊन दरवर्षीची सरासरी वाढ काढतं. इथे १० हा आकडा दोन ओळींमधल्या वर्षांचा आहे, तुमच्या ओळी पाच-पाच वर्षांच्या असतील तर तिथे ५ टाका. सोन्याचे आकडे टाकले तर पाच दशकांसाठी साधारण २१.९, ९.२, ३.२, १५.४ आणि १०.२ टक्के येतील. शेजारी C रकान्याचा चार्ट ठेवा. जिथे टक्केवारी जास्त तिथे रेषा तिरपी, जिथे कमी तिथे आडवी. हा मेळ बसला, की ग्राफ बरोबर काढलाय.

## ग्राफ फॉरवर्ड करण्याआधी

भाववाढीचा कुठलाही ग्राफ समोर आला, की आधी रेषेकडे बघू नका, डाव्या किंवा उजव्या बाजूच्या आकड्यांकडे बघा. १०,०००, २०,०००, ३०,००० असे मिळवत जाणारे आकडे असतील तर साधी पट्टी. १००, १,०००, १०,००० किंवा १००, २००, ४००, ८०० असे गुणत जाणारे असतील तर लॉग पट्टी. खात्री करायची असेल तर अंगठ्याने मोजा: १,००० ते २,००० हे अंतर आणि १०,००० ते २०,००० हे अंतर लॉग पट्टीवर सारखंच भरतं.

पट्टीवर आकडेच नसतील, तर तो ग्राफ साधा असो की लॉग, पुढे पाठवू नका. आणि साध्या पट्टीवर चाळीस-पन्नास वर्षांचा भाव काढून खाली ‘बघा, आता कसा भडकलाय’ असं लिहिलं असेल, तर आकडे शीटमध्ये टाकून टक्केवारी काढा. बऱ्याचदा असं दिसेल, की खरा भडका त्या ग्राफच्या अगदी तळाशी, रेषा जिथे झोपलेली वाटते तिथे आहे.